आईच्या दातांची मुळं

गेल्या दिवाळीच्या आधी आईचा खालचा पुढचा दात दुधात कुस्करलेली पोळी खाताना मोडला. दात पडला नाही, हिरडीच्या रेषेवर मोडला, वाळकी फांदी बुंध्यापाशी मोडावी तसा. दुखल्याचं तिने काहीच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कशी? तिला स्मृतिभ्रंश आहे, वर्षभर ती अंथरुणाला आहे, आणि माझं नावही तिला रोज आठवतंच असं नाही.

मी तिचं तोंड स्वच्छ ठेवते, अशी माझी समजूत होती. सकाळी ओला कापूस दातांवरून फिरवायचा, रात्री चूळ भरायला लावायची. घरी येऊन तपासणाऱ्या दंतवैद्यांनी टॉर्च धरून मला दाखवलं, तेव्हा कळलं की कापूस दाताच्या दर्शनी भागावरून फिरत होता आणि कीड हिरडीलगत, मुळाला लागली होती. खालच्या चार दातांच्या मानेभोवती तपकिरी पट्टा. त्यावर त्यांनी अवजाराचं टोक टेकवलं तर ते आत रुतलं, भिजलेल्या चामड्यात रुतावं तसं.

तरुणपणी दातावर कीड लागते ती बहुतेक वरच्या खाचांत. तिथे इनॅमलचं कठीण कवच असतं. वय वाढतं तशा हिरड्या खाली सरकतात आणि मूळ उघडं पडतं. माझ्या आईने तीस वर्षं मशेरी लावली, त्यामुळे तिचं तर जास्तच. मुळावर इनॅमल नसतं, त्यामुळे इनॅमलला काही होणार नाही इतक्या सौम्य आम्लातही ते विरघळायला लागतं. त्यात तोंड कोरडं असेल तर आम्ल धुऊन न्यायला लाळच नसते. आईला लघवीवर ताबा राहावा म्हणून एक गोळी आहे आणि रात्री झोपेसाठी एक. दोन्हींनी तोंडाला कोरड पडते. ही कीड मानेभोवती गोल पसरते, बराच काळ दुखत नाही, आणि मग एक दिवस दातच मोडतो.

पण माझी खरी चूक दुसरीच होती, आणि मला वाटतं ती घरोघरी होत असणार. आईच्या तोंडाला कोरड पडते म्हणून मी तिला खडीसाखर चघळायला देत होते. गोळ्या कडू लागतात म्हणून कुटून मधातून देत होते. रात्रीची शेवटची गोळीही मधातूनच, चूळ भरून झाल्यावर. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसात किती वेळा गोड तोंडात जातं?" मी म्हटलं, चहाबरोबर दोनदा. त्या आठवड्यात मी कॅलेंडरच्या मागे रोज एकेक रेघ ओढली. एका दिवशी अकरा रेघा झाल्या! चहा, बिस्किट, मधाची गोळी, खडीसाखर, खोकल्याचं सिरप, पुन्हा खडीसाखर. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे मुळांना जास्त नडतं, कारण प्रत्येक वेळी तोंडात नव्याने आम्ल तयार होतं आणि कोरड्या तोंडात ते रेंगाळतं.

तेव्हा मी आधी ते बदललं, ब्रश नंतर. गोळ्या आता बिनसाखरेच्या दह्यातून देते. (कोणती गोळी कुटायची नाही हे डॉक्टरांना विचारून घेतलं. काही गोळ्या हळूहळू विरघळाव्यात म्हणून बनवलेल्या असतात, त्या कुटल्या तर घात होतो.) खडीसाखर बंद. कोरड पडली की दोन चमचे पाणी किंवा ओल्या गॉजने जीभ आणि गाल पुसणं. ओठांना साजूक तूप. लिंबू-ग्लिसरीनचा बोळा एका शेजारणीने सुचवला होता. तो मी वापरत नाही, लिंबाचं आम्ल याच मुळांवर बसतं. चहातली साखर मात्र काढली नाही. तिचं सुख तेवढंच उरलंय, ते जेवणाच्या किंवा नाश्त्याच्या वेळेला जोडून दिलं की झालं.

आता ब्रश. आईचं दंतमंजन सुटलं, कारण त्यात फ्लोराइड नव्हतं. टूथपेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण पीपीएममध्ये लिहिलेलं असतं, मी १००० च्या जवळची घेते. मऊ, लहान मुलांचा ब्रश, आणि पेस्ट मटाराच्या अर्ध्या दाण्याएवढी, कारण तिला आता थुंकता येत नाही. उताणं झोपवून कधीच ब्रश करत नाही. पाणी श्वासनलिकेत गेलं की छातीत उतरतं. पाठीमागे उशा लावून तिला बसवते, हनुवटी किंचित खाली. बसवता आलं नाही तर कुशीवर, आणि गालाखाली टॉवेल. ब्रश हिरडीकडे तिरका धरून जागच्या जागी हलवायचा, अर्धे केस हिरडीवर, अर्धे दातावर. मुळाची कीड तिथेच बसते. शेवटी फेस ओल्या गॉजने टिपून घ्यायचा, पण पाण्याने धुऊन काढायचा नाही. पेस्टचा थोडा अंश दातांवर राहिला तरच तिचा उपयोग.

ती तोंड घट्ट मिटते तेव्हा काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. जबरदस्ती केली की दुसऱ्या दिवशी ब्रश बघूनच ती मान फिरवते. आता एक ब्रश मी तिच्या हातात देते आणि दुसऱ्याने काम करते. हातात ओळखीची वस्तू असली की तोंड आपसूक सैल होतं. कधी मी तिच्यासमोर स्वतः दात घासते, मग तीही तोंड उघडते. दातांच्या मध्ये बोट कधीही घालू नका, ती चावते तेव्हा ते तिच्या हातात नसतं. संध्याकाळी ती बेचैन असते, म्हणून नीट घासणं सकाळी नाश्त्यानंतर होतं. रात्री शेवटच्या गोळीनंतर फक्त ब्रशने हिरडीच्या रेषेवर पेस्ट फिरवते, अर्धा मिनिट. तेवढंही न जमण्याचे दिवस येतात.

मावशींना, म्हणजे दिवसा सांभाळायला येणाऱ्या बाईंना, मी हे सगळं समोर करून दाखवलं. ब्युरोवाले अंग पुसणं, कूस बदलणं शिकवतात, तोंडाचं कुणी शिकवत नाही. मला याचा राग येतो. पण मावशींवर नाही.

त्या चार दातांना डॉक्टरांनी सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध लावलं. ना ड्रिल, ना इंजेक्शन. कापूस लावून दात कोरडा करायचा, थेंब टेकवायचा, मिनिटभर थांबायचं. किडलेला भाग कायमचा काळा पडतो आणि कडक होत जातो, पण खड्डा भरून येत नाही. काळे दात बघून माझा भाऊ म्हणाला, "अगं, हे काय करून घेतलंस?" मी त्याला सांगितलं, आईला आरशात बघायचं नाहीये, तिला जेवायचंय. मोडलेल्या दाताचं मूळ तसंच ठेवलंय, सूज किंवा पू आला तरच काढायचं ठरलंय. सहा महिन्यांनी पुन्हा लावून घेतलं, तेव्हा त्यांनी टोक टेकवलं तर चारपैकी तीन जागा कडक लागल्या. चौथी अजून मऊच होती.

ती चौथी जागा सुळ्यापाशी आहे, डाव्या बाजूला. बरेच दिवस कळत नव्हतं की तिथेच का. मग जेवणानंतर पंधरा मिनिटांनी मी तिचा गाल बाहेर ओढून बघितला, तर आत मऊ भाताचा गोळा. ती गिळायला विसरते आणि घास गालात साठवते. आता प्रत्येक जेवणानंतर डावा गाल आधी तपासते.