बरगंडी

काल सकाळी सव्वाआठला, आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये, मला डोक्याला मार लागलाय असं जाहीर करण्यात आलं.

मार वगैरे काही नव्हता. रविवारी रात्री आयुष्यात पहिल्यांदा घरी केसांना कलर लावला होता. भाचीचा साखरपुडा आलाय, कानशिलांवर पांढरे झालेत, आणि दुकानात बॉक्सवरच्या बाईचे केस इतके सुंदर वाटले की मी बरगंडी उचलला. बाकीचे केस काळेच राहिले, आणि दोन्ही कानशिलं मात्र बीट किसून लावल्यासारखी लाल झाली.

तर लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली आणि काका आत आले. काका म्हणजे रिटायर्ड माणूस, भाजीची पिशवी, केस बुटाच्या पॉलिशसारखे काळेभोर आणि कपाळाच्या कडेलाही तोच काळा पट्टा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग परत बघितलं, आणि माझा खांदा गच्च धरला.

"हलू नकोस! रक्त येतंय. कुठे आपटलास?"

"काका, काही नाही, कलर आहे."

"असंच वाटतं. शॉकमध्ये माणसाला कळत नाही."

खाली पोचेपर्यंत त्यांनी मला भिंतीला टेकवून ठेवलं. दार उघडताच वॉचमनला हाक, "फर्स्ट एड आण रे!" त्याने पेटी आणली, तिच्यात एक स्क्रू ड्रायव्हर, दोन बँडेज आणि कुणाच्या तरी जन्माच्या वेळची ट्यूब. काकांनी कापूस ओला करून माझं कानशील घासलं, कापूस बघितला आणि म्हणाले, "सुकलंय." स्कूल बसची वाट बघणारी पोरं गोळा झाली होती. त्यातला एक म्हणाला, "अंकल, होळी तर झाली." त्याच्या आईला हसू आवरेना, मग ती मोबाईलमध्ये तोंड घालून उभी राहिली. मी ऑफिसला निघालेलो, हातात डबा, डोक्यावर म्हाताऱ्याचा हात.

मग काकांनी वास घेतला. "अमोनिया!" म्हणाले आणि त्यांचा चेहराच बदलला, एकदम डॉक्टरचा मास्तर झाला.

"शेड कुठला?"

"बरगंडी."

"पांढऱ्यावर? डायरेक्ट?"

मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले.

आता राग येतो तो याचा की पुढे ते जे बोलले ते बरोबर होतं. म्हणाले, काळ्या केसात आधीच ठासून काळा भरलेला असतो, त्यात लाल घातला तरी उन्हात जेमतेम चमकतो. पांढरा केस म्हणजे कोरा कागद, त्यावर तोच लाल आहे तसा उमटतो. बॉक्सवर आकडा असतो तो वाचायचा. टिंबाच्या आधीचा आकडा गडदपणाचा, 1 म्हणजे काळा, 3 म्हणजे डार्क ब्राऊन, 10 म्हणजे अगदी फिकट. टिंबानंतरचा आकडा झाकेचा. पांढरे झाकायचे तर टिंब नसलेला साधा आकडा घ्यायचा, आणि लाल झाकेची हौसच असेल तर त्याच कंपनीचा साधा शेड निम्मा मिसळायचा. "आणि तू बाईचा फोटो बघितलास," असं ते पोरांसमोर म्हणाले, ही वेगळी तक्रार आहे.

पण मला एक सांगा, हे आकडे बॉक्सच्या समोर मोठ्या अक्षरात का नसतात? समोर बाई असते, आकडा कोपऱ्यात लपलेला. आणि आतली सूचनांची घडी तर मुंगीने लिहिल्यासारखी. ती वाचायला चष्मा लागतो आणि कलर लावताना चष्मा काढावा लागतो. मी हातमोजे घालून, चष्म्याशिवाय, बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात तो कागद नाकाला लावून वाचत होतो. ट्यूबमधलं क्रीम आणि बाटलीतलं डेव्हलपर सारख्याला सारखं घ्यायचं की दीडपट, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, ते मला दिसलंच नाही, मी अंदाजे ओतलं. मिश्रण पातळ झालं आणि मानेवरून ओघळून बनियनमध्ये गेलं. कागद आदल्या दिवशी उजेडात चष्म्यासकट वाचून ठेवायचा, एवढंच करायचं होतं.

शिवाय मी लावायच्या आधी शाम्पूने खसाखसा डोकं धुतलं होतं, स्वच्छतेची हौस. पाच मिनिटांत टाळू अशी चुरचुरायला लागली की मी आरशासमोर जागच्या जागी नाचत होतो. केस आदल्या दिवशी धुवायचे म्हणजे टाळूला स्वतःचं थोडं तेल असतं, ते चुरचुर बरीच अडवतं. आणि कपाळाच्या कडेला, कानांवर व्हॅसलिन फासायचं, नाहीतर कातडीही रंगते. माझा डावा कान अजून जांभळा आहे. मागची बाजू तर मी चाचपडतच लावली, तिथे रुपयाएवढा पांढरा ठिपका राहिलाय असं बायको म्हणते. कंगव्याने केसांचे चार भाग पाडून दुसऱ्या आरशात बघत लावलं असतं तर राहिला नसता, पण हे ती सोमवारी सांगते, रविवारी ती सिरियल बघत होती.

ताईला फोन केला तर तिचं रडगाणं उलटंच. तिला काळ्याचे ब्राऊन करायचे होते, मुळापासून सुरुवात केली आणि मुळं नारिंगी, खाली तपकिरी. टाळूच्या उबेने मुळाशी रंग लवकर चढतो म्हणे, म्हणून केस फिकट करताना आधी लांबीला लावायचं आणि मुळांना शेवटी. माझ्यासारखे पांढरे झाकायचे असतील तर मात्र जिथे जास्त पांढरे तिथून सुरुवात. म्हणजे एकाच घरात दोन नियम.

असो. काका.

मला वाटलं संपलं, तर ते म्हणाले, "केमिकल सोड. मी कित्येक वर्षं काळी मेहंदी लावतो. शुद्ध वनस्पती." आणि हे म्हणताना कानामागे करकरा खाजवत होते. मी नीट बघितलं, कातडी लाल, पापण्या सुजलेल्या.

"काका, खाज कधीपासून?"

"उन्हाळ्याने होते. दर महिन्याला होते."

"मेहंदी लावल्यावर?"

ते गप्प झाले. नुसती मेहंदी केस काळे करत नाही हो, लालसर करते. काळ्या मेहंदीच्या पाकिटात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रंगाचं केमिकल असतं, तेच जे माझ्या बॉक्समध्ये होतं, आणि ज्याला त्याची ॲलर्जी त्याचे कान, पापण्या अशाच सुजतात. इतकी वर्षं चाललं म्हणून पुढेही चालेल असं नसतं, ॲलर्जी मध्येच सुरू होते. म्हणून तर 48 तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघायचं. मी स्वतः ते केलं नव्हतं, पण हे मी काकांना सांगितलं नाही, मला तेवढ्यापुरतं तरी वर राहायचं होतं. एवढंच म्हटलं की लावणं बंद करा आणि कातडीच्या डॉक्टरांना दाखवा.

ते दोन मिनिटं विचार करत उभे राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्याकडचा उरलाय का थोडा?"

"काका! तेच औषध आहे त्यात. आणि कालवलेलं ठेवता येत नाही, तासाभरात त्याचा जोर संपतो. झाकण लावून ठेवलं तर बाटली फुगून फुटते. ओतून टाकलं मी."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पुरणपोळी कचऱ्यात टाकली.

मी रात्री डार्क ब्राऊन आणून वरून लावला, या वेळी कागद वाचून आणि कोपरावर थेंब लावून... नाही, खोटं कशाला, थेंब आज लावलाय, डार्क ब्राऊन परवा लागेल, साखरपुड्याच्या आदल्या रात्री. तोपर्यंत टोपी. आणि सोसायटीच्या ग्रुपवर काल दुपारीच काकांचा मेसेज आला, की सहाव्या मजल्यावरच्या आपल्या मित्राची प्रकृती उत्तम आहे, रक्त नव्हतं, कलर होता, उरलाही होता, पण मागितल्यावर दिला नाही.