खाऱ्या हवेत बेल्ट: एका प्रतिक्रियेला उत्तर

«लेख वाचून हसू आलं. नायलॉनचा पट्टा घ्या म्हणता, तो घालून बँकेत जाऊ का? मी पंधराशे रुपये मोजून ‘जेन्युइन लेदर’ छापलेला बेल्ट घेतला. दुसऱ्या पावसाळ्यात तिसऱ्या भोकापाशी पापुद्रे सुटले, बक्कलवर फोड आले. कोकणात लेदर टिकत नाही, हे सरळ का लिहीत नाही?» – एक वाचक, रत्नागिरी

कारण ते खरं नाही. नायलॉनचा पट्टा मी होडीवर, जेटीवर, भिजण्याच्या कामाला जाणाऱ्यांसाठी सुचवला होता. सुती पट्टा पाणी धरून बसतो, नायलॉन लवकर वाळतो. त्याला भोकं नसतात, पेटीसारख्या बक्कलमधला आडवा रूळ पट्टा दाबून धरतो. बँकेत तो घालायचं कारण नाही.

आता तुमचा बेल्ट. सुटलेल्या पापुद्र्याखाली नीट बघा. आतला भाग नखाने खरवडल्यावर पुठ्ठ्यासारखा भुगा होत असेल, तर तो चामड्याचा चुरा गोंदात घट्ट करून केलेला पट्टा आहे. आत लव असलेले लांब तंतू दिसले, तर चामड्याचा खालचा थर आहे, वर प्लॅस्टिकचा मुलामा. दोन्हींवर ‘जेन्युइन लेदर’ छापलेलं सापडतं, तो शिक्का प्रत सांगत नाही. वरचा मुलामा बहुधा पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेत तो हळूहळू विघटित होऊन सुटतो. तिसऱ्या भोकापाशीच का? तुम्ही रोज तेच भोक वापरता. पिनचा ताण तिथे आणि बेल्ट लावता-काढताना पडणारी घडीही तिथेच.

तेव्हा पुढचा बेल्ट घेताना शिक्का वाचू नका, कापलेली कड बघा. एकाच जाड थराचा पट्टा असेल तर कडेला वरपासून खालपर्यंत सलग तंतू दिसतात. कडेवर जाड रंग चढवून सगळं झाकलं असेल, तर भोकाच्या आत डोकावा, तिथे रंग क्वचितच पोचतो. भोकापाशी पट्टा वाकवा. खऱ्या वरच्या थराला बारीक सुरकुत्या पडतात आणि सोडल्यावर बऱ्याचशा जातात. प्लॅस्टिकच्या मुलाम्यावर एकच सरळ रेघ उमटते.

बक्कलचं प्रकरण वेगळं आहे, तिचा दोष चामड्याच्या माथी मारू नका. फोड येतात ते बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव बक्कलला. वर निकेल किंवा क्रोमचा पातळ थर असतो. त्याला बारीक छिद्र पडलं की खारा ओलावा आत शिरतो, जस्त गंजतं आणि वरचा थर उचलला जातो. कितीही घासा, ती बक्कल परत गुळगुळीत होत नाही. पितळही आपल्याकडे काळवंडतं, कधी हिरवट होतं, पण आतून तीच धातू असल्याने घासून साफ होतं. ओळखायला मागच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही तिथे, कानसीने हलकी रेघ ओढा. आत पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी-पांढरं दिसलं तर जस्त. लोहचुंबकाने हे कळत नाही, तो दोन्हींना चिकटत नाही. पण पिनला मात्र लावून बघा. चांगल्या दिसणाऱ्या बक्कललाही लोखंडी पिन असते. ती गंजली की भोकाभोवती डाग पडतो, आणि वनस्पतीच्या सालीने कमावलेल्या चामड्यावर तो काळा होऊन कायमचा बसतो.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की बक्कल पट्ट्याला शिवलेली नको. टोक दुमडून स्क्रूने किंवा टिचबटणाने बसवलेली घ्या. ती खराब झाली तर दहा मिनिटांत बदलता येते. नवीन बक्कलची आतली रुंदी तेवढी पट्ट्याशी जुळवा. ३२ मिलिमीटरच्या पट्ट्याला ४० ची लावली तर पट्टा तिच्यात इकडून तिकडे सरकतो.

तुमच्यासाठी ३० ते ३५ मिलिमीटर रुंदी पुरे. ऑफिसची पँट कमरेवर, बेंबीच्या जरा खाली बसते. तिथे रुंद पट्टा खुर्चीत बसलं की पोटात रुततो. ३८-४० चा पट्टा जीन्सला ठीक, ती खाली, कमरेच्या हाडांवर टेकते आणि तिचे लूपही मोठे असतात. पट्टा काळा, बक्कल साधी चौकट आणि एक पिन. आपोआप लॉक होणारी दातेरी बक्कल मी टाळतो. तिची स्प्रिंग आणि खटका गंजला की भर ऑफिसात पट्टा सुटेना अशी पाळी येते. (बायकांचे ड्रेसवरचे रुंद इलॅस्टिकचे पट्टे हा निराळा विषय, तिथे आधी रबर सैल पडतं.)

लांबीसाठी जुना बेल्ट मोजा: बक्कल जिथे पट्ट्यात अडकते तिथून, बक्कल सोडून, तुमच्या रोजच्या भोकापर्यंत. नव्या बेल्टची पाच भोकं असतील तर हे माप मधल्यावर यायला हवं.

आणि घामाने ओला बेल्ट गुंडाळून कपाटात टाकू नका. कोरड्या फडक्याने पुसून बक्कलला धरून खुंटीवर टांगा, वारा लागेल अशा जागी. पावसाळ्यात बुरशी आलीच तर घराबाहेर पुसून सावलीत वाळवा, उन्हात टाकलात तर चामडं कडक होईल.