बंद पडलेला प्रिंटर भंगारात देताय? आधी स्क्रू ड्रायव्हर काढा

एका सीए मित्राच्या ऑफिसातलं मोठं कॉपियर मशीन कायमचं बंद पडलं. भंगारवाल्याशी भाव ठरला होता. मी म्हटलं, टेम्पोत चढवण्याआधी मागचं पॅनल उघड. आत हार्ड डिस्क! लोकांची पॅन कार्डं, बँक स्टेटमेंटं वर्षानुवर्षं याच मशीनमधून गेलेली.

अशी मशीनं पानाची प्रतिमा आधी डिस्कवर घेतात. काम संपलं की बऱ्याचदा फक्त नोंद पुसली जाते, मजकूर तिथेच राहतो. अमेरिकेत ॲफिनिटी या आरोग्य विमा कंपनीने भाड्याचे कॉपियर डिस्क न पुसता परत केले. त्यातला एक २०१० मध्ये सीबीएस या वृत्तवाहिनीच्या हाती लागला, आत रुग्णांची माहिती. २०१३ मध्ये कंपनीला बारा लाख डॉलरहून जास्त भरावे लागले.

मशीन चालू असेल तर ॲडमिन मेनूत डिस्कवर पुन्हा लिहून ती पुसायची सोय बहुधा असते. नुसतं फॅक्टरी रीसेट केलं तर काही मॉडेल्समध्ये फक्त सेटिंग्जच जातात, डिस्क तशीच राहते. मशीन सुरूच होत नसेल तर मेनू कुठून आणणार? मग डिस्क काढायची आणि आतल्या तबकड्यांना ड्रिलने आरपार भोकं पाडायची. एसएसडी असेल तर चिपाच फोडाव्या लागतात. मशीन भाड्याचं असेल तर मात्र डिस्कला हात लावू नका. ती पुसून किंवा काढून दिल्याचं कंपनीकडून लेखी घ्या.

घरच्या छोट्या इंकजेटमध्ये सहसा डिस्क नसते. छापलेलं पान रॅममध्ये असतं, वीज गेली की तेही जातं. पण वायफायचा पासवर्ड आणि स्कॅन पाठवायचे ईमेल पत्ते बोर्डावरच्या चिपमध्ये टिकतात. मेलेल्या प्रिंटरमधून ते पुसता येत नाहीत, तेव्हा राउटरचा पासवर्ड बदला आणि कंपनीच्या ॲपमधून तो प्रिंटर काढून टाका. आणि हो, काचेचं झाकण उघडून बघा. आधार कार्ड हमखास तिथेच विसरलेलं असतं.

यानंतर यंत्र भंगारवाल्याला नको. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत प्रिंटर कार्ट्रिजसकट येतो. उत्पादक कंपनीची परत घेण्याची सोय बघा, नाहीतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत रिसायकलर शोधा. ऑफिसचा माल असेल तर पावती घ्याच.

टोनर कार्ट्रिज आपटून, फोडून बघू नका. पिशवीत घट्ट बांधून द्या. भुकटी सांडलीच तर घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, ती इतकी बारीक असते की फिल्टरमधून पुन्हा हवेत येते. ओल्या फडक्याने पुसा, हात गार पाण्यानेच धुवा. गरम पाण्याने भुकटी मऊ होऊन चिकटते.

रिकाम्या ओरिजिनल कार्ट्रिजला बाजारात चांगला भाव मिळतो, खोक्यासकट दिली तर आणखी. त्याच खोक्यात नकली माल भरून विकला जातो. खोकं आधी फाडा, मगच रद्दीत टाका.