लाल दिवा, पण किती मंद?

वाचकाची प्रतिक्रिया: “रात्री पाजताना लाल दिवा लावा, असे आपण ठामपणे लिहिलेत. आम्ही छताला लाल एलईडी लावला. बाळ सहा आठवड्यांचे आहे. ते रात्री तीनदा उठते ते उठतेच, आणि पाजून झाल्यावर पत्नीला तासभर झोप लागत नाही. शिवाय त्या उजेडात धड काही दिसतही नाही. ही निव्वळ टूम आहे, असे माझे मत झाले आहे.”

नमस्कार,

आपली तक्रार बऱ्याच अंशी रास्त आहे, आणि त्यातला काही दोष माझ्या लिहिण्याचा आहे. रंगाविषयी मी भरभरून लिहिले आणि दिवा किती मंद असावा, कुठे असावा, हे एका ओळीत उरकले.

आधी बाळाविषयी. सहा आठवड्यांचे बाळ भुकेने उठते, उजेडाने नव्हे. रात्र झाल्याचे शरीराला सांगणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाची दिवसरात्रीची लय त्याच्या शरीरात साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून बसू लागते, त्यामुळे कोणत्याही रंगाच्या दिव्याने त्याचे उठणे आज कमी होणार नाही. सध्या लाल दिव्याचा उपयोग आहे तो मुख्यतः आईला पुन्हा झोप लागावी यासाठी. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशींमध्ये मेलानोप्सिन नावाचे रंगद्रव्य असते आणि ‘दिवस उजाडला’ हा निरोप मेंदूला मुख्यतः त्या पेशींकडून जातो. हे रंगद्रव्य 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देते, तर 620 नॅनोमीटरच्या पुढच्या लाल उजेडाला जवळजवळ देतच नाही.

मात्र लाल उजेड भडक असेल, तर मेलाटोनिन कमी न होताही माणूस तरतरीत होऊ शकतो, असे प्रयोगांत दिसले आहे. आपला दिवा छताला आहे, म्हणजे पलंगावर बसलेल्या आईच्या डोळ्यांत तो थेट शिरतो. समजा तो 100 ल्युमेनचा आहे आणि उजेड सगळीकडे सारखा फेकतो, तर एक मीटरवर सुमारे 8 लक्स आणि दोन मीटरवर 2 लक्स उजेड मिळेल. पांढऱ्या भिंतींवरून परतणारा उजेड त्यात आणखी भर घालेल. त्याऐवजी 10 ल्युमेनचा दिवा पलंगाच्या उंचीच्या खाली, आईच्या पाठीमागे भिंतीकडे तोंड करून ठेवला, तर तिच्या डोळ्यांपर्यंत एक लक्सहूनही कमी उजेड पोहोचेल. मोबाइलमधल्या लक्स मोजणाऱ्या अॅपवर इतक्या मंद उजेडात, त्यातही लाल उजेडात, मी विसंबत नाही. माझी कसोटी साधी आहे: दोन-तीन मिनिटांत डोळे सरावल्यावर बाळाने स्तन नीट तोंडात धरला आहे की नाही ते दिसावे, पण छापील मजकूर वाचता येऊ नये.

आपला दिवा खरोखर लाल आहे का, हेही पाहून घ्या. एखाद्या जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूत त्याचे प्रतिबिंब पाहा. फक्त लाल पट्टा उमटला तर ठीक; हिरवा किंवा निळा पट्टाही दिसला, तर लाल रंगाआडून बाकीचे रंग झिरपत आहेत. दिवा गुलाबीसर वाटत असेल तर हा संशय आधी घ्यावा. आणि पाजताना पत्नीच्या हातात मोबाइल असतो का? चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरचा पांढरा पडदा लाल दिव्याची सारी मेहनत वाया घालवतो. (हे मी स्वतः पहिले दोन महिने केले आहे.)

आता ‘धड दिसत नाही’ याविषयी. हा दोष दिवा बदलून जाणार नाही, कारण तो लाल उजेडाचाच आहे. पांढरे कापड आणि त्यावरचा रक्ताचा डाग दोन्ही लाल उजेड परत फेकतात, म्हणून डाग जवळजवळ नाहीसा होतो. अंगावरच्या लाल पुरळाचे तसेच होते. आमच्या औषधाच्या ड्रॉपरवरच्या खुणा लाल शाईच्या होत्या. त्या उजेडात तो ड्रॉपर मला कोरा दिसला आणि तेव्हा कुठे हे माझ्या लक्षात आले. त्यामुळे पाजणे, ढेकर काढणे आणि साधा ओला लंगोट बदलणे एवढीच कामे लाल उजेडात करावीत. औषध मोजायचे असेल, बाळाच्या शीमध्ये रक्तासारखे काही वाटत असेल, बाळ तापल्यासारखे किंवा मलूल वाटत असेल, तर 2700 केल्विनचा पिवळसर पांढरा दिवा खुशाल लावावा, काम उरकावे आणि विझवावा. त्या दोन मिनिटांच्या उजेडाची धास्ती घेऊ नये. ओठांचा निळेपणाही लाल उजेडात ओळखता येत नाही, तेव्हा श्वासाविषयी शंका आली तर क्षणभरही न थांबता मोठा दिवा लावावा. त्वचेचा पिवळेपणा मात्र त्या पिवळसर दिव्यातही फसवतो. तो सकाळी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडातच पाहावा, आणि सहा आठवड्यांच्या बाळात तो दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.