मखर चोवीस इंची, पण बाप्पा बसणार कुठे?

आज दुपारी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे खोका आला. दिल्लीकडच्या कुणा विक्रेत्याचं फोल्डिंग मखर, पाच मिलिमीटर सनबोर्डचं, ॲपवरून मागवलेलं. अर्ध्या तासात काकूंचा चेहरा उतरला. तेव्हापासून चिडचिड होतेय, म्हणून लिहितोय.

जाहिरातीत लिहिलं होतं २४ x २४ x १४ इंच. काकूंची मूर्ती १५ इंची, कुंभाराकडे बुक केलेली, पाट ३ इंच. १८ इंचांना २४ पुरे, असं कुणालाही वाटेल. पण २४ हे बाहेरचं माप! खालचा चौथरा २ इंच, वरून खाली येणारी कमान ४ इंच. आतली मोकळी उंची उरली बरोबर १८. मूर्ती आत सरकवतानाच मुकुट कमानीला घासणार. डोक्यावर जास्वंद ठेवायची, दुर्वा वाहायच्या, तर हात जाणार कुठून? रुंदीचंही तेच. दोन्हीकडचे खांब ३-३ इंच, आत १८. मूर्तीची रुंदी १२, म्हणजे दोन्ही अंगाला तीन-तीन इंच. तिथे समई ठेवायची म्हणजे सनबोर्डजवळ ज्योत. नकोच.

म्हणून मागवण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: आतून मोकळी उंची, रुंदी, खोली किती? आणि आतमध्ये टेप धरून काढलेला फोटो मागा. फोटो नाही आला तर ते मखर सोडून द्या. मूर्ती अधिक पाट, त्यावर निदान ५ इंच मोकळे हवेतच. जाहिरातीतला फोटो बहुतेक कॉम्प्युटरवर जुळवलेला असतो. त्यातली मूर्ती हवी तेवढी लहान करून बसवतात, म्हणून मखर महालासारखं दिसतं. खाली स्क्रोल करून गिऱ्हाइकांनी घरात काढलेले फोटो बघा. त्यात शेजारी स्विचबोर्ड नाहीतर फरशी दिसते, त्यावरून खरा आकार कळतो. अजून एक, 'फोम' लिहिलं असेल तर नेमका कसला ते विचारा. आपल्याकडे सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे, परराज्यातल्या विक्रेत्याला त्याचं काय!

हो, मेन रोडला इतके प्रकार मिळत नाहीत आणि तिथलं मखर महागही पडतं, हे मान्य. पण तिथे आपण टेप लावून बघतो ना!

आता तारखा. काकूंनी २२ ऑगस्टला मागवलं, आलं आज ३ सप्टेंबरला. बारा दिवस. चतुर्थी १४ ला. आज बदलून मागितलं तर त्याच वेगाने १५ ला येणार, बाप्पा बसल्याच्या दुसऱ्या दिवशी! 'दोन दिवसांत पाठवू' हे वाक्य खोक्याच्या प्रवासाबद्दल काहीच सांगत नाही. आपला पिनकोड टाकून दिसणारी पोहोचण्याची तारीख धरा, ते दिवस दुप्पट करा, वर तीन दिवस ठेवा. काकूंचे बाराच दिवस धरले तरी सत्तावीस होतात, म्हणजे १८ ऑगस्टपर्यंत ऑर्डर जायला हवी होती. त्याहून उशीर झाला असेल तर दुकानच गाठा.

तरी काकूंचे पैसे परत येतील असं वाटतंय, आणि ते मापामुळे नाही. जाहिरातीत २४ होतं आणि बाहेरून ते २४ च आहे, त्या वादात विक्रेता जिंकेल. पण डाव्या खांबाची खाचेत बसणारी जीभ मुळापासून तुटलेली आहे. खोक्याचा तोच कोपरा आत दबलेला होता. सनबोर्ड पहिला मोडतो तो तिथेच, कारण सगळ्या जोडाचा भार त्या अर्ध्या इंचावर असतो. काकू चिकटपट्टीने जोडून बघते म्हणाल्या, मी हात धरला. एकदा चिकटवलं की 'तुम्हीच मोडलंत' म्हणायला ते मोकळे.

सुदैवाने त्यांच्या नातवाने व्हिडिओ काढला होता. पत्त्याचं लेबल, खोक्याच्या सहाही बाजू, मग टेप कापण्यापासून तुटलेल्या जिभेपर्यंत, मध्ये कुठेही न थांबवता. असाच हवा, तुकडे जोडलेला व्हिडिओ नाकारतात. परत करताना कारण 'तुटलेलं आलं' हेच निवडलं, 'बदली' न घेता 'पैसे परत' दाबलं. खोका, आतलं पॅकिंग, लेबल सगळं तसंच ठेवलंय.

ॲपवर 'परत घेतले जाणार नाही' असं लिहिलेलं असलं तरी घाबरू नका. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात की सदोष, वर्णनापेक्षा वेगळा किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची, महिन्यात निकाल लावायचा. नाही दिला तर १९१५ वर फोन करा.

काकू संध्याकाळी म्हणाल्या, "जाऊ दे रे, पाट आणि मागे आईची पैठणी, एवढं पुरे बाप्पाला." पैठणी काढूनही ठेवली त्यांनी. उद्या मी टेप घेऊन वर जातोय, मागच्या भिंतीची रुंदी मोजायला.