फोटो टाकला की झालं? चकलीचे काटे कुठे गेले ते बघा

“नवीन इमेज करायची तर प्रॉम्प्ट लिहिण्यात वेळ घालवू नका. सरळ फोटो टाका, एआय त्यातलं सगळं बरोब्बर उचलतं. स्ट्रेंथ फुल ठेवा, हुबेहूब येईल. फोटो कुठलाही चालतो, नेटवरचासुद्धा.”

हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोचला. ती दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते आणि तिला त्याचं पोस्टर करायचं होतं. तिने ओट्यावर, ट्यूबलाइटखाली, स्टीलच्या ताटलीतल्या चकल्यांचा फोटो काढला, स्ट्रेंथ फुल केली आणि संध्याकाळी मला फोन केला, “अगं, चकल्यांच्या जिलब्या झाल्या!” दोन दिवस तिचे यात गेले, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात घातक वाक्य स्ट्रेंथचं आहे, कारण ते चक्क उलटं आहे. मावशीने वापरलं त्या स्टेबल डिफ्यूजन या एआय टूलमध्ये फोटोवरून चित्र करताना `Denoising strength` म्हणून जो आकडा असतो, तो फोटोला किती धरून राहायचं हे सांगत नाही, फोटो किती पुसायचा हे सांगतो. टूल तुमच्या फोटोवर आधी मुंग्यांसारखे ठिपके पसरवतं आणि मग ते काढत काढत चित्र नव्याने रंगवतं. आकडा ०.३ असेल तर थोडे ठिपके, १ असेल तर फोटोतलं जवळपास काहीच उरत नाही. मिडजर्नी या दुसऱ्या टूलमध्ये `--iw` हा आकडा वाढवला की फोटोचा प्रभाव खरोखर वाढतो. बहुतेक तिथलं ऐकून कुणीतरी इकडे चिकटवलं असावं.

“सगळं बरोब्बर उचलतं” हेही खोटं. ठिपके पडले की आधी बारीक तपशील जातात. मोठे उजेड-अंधाराचे पट्टे, रंग आणि मांडणी बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. म्हणजे मावशीला नको होतं ते चिवटपणे राहिलं आणि हवं होतं ते आधी गेलं. मी तिचाच फोटो घेऊन करून पाहिलं. ०.३ वर ट्यूबलाइटचा पांढरा-हिरवट उजेड आणि स्टीलची ताटली जशीच्या तशी. ०.५५ वर ताटली पिवळसर झाली, पण चकलीचे काटे एकमेकांत विरघळले. ०.८ वर गुळगुळीत वेटोळी उरली. त्यात स्टेबल डिफ्यूजन फोटो घेतानाच तो आकसून ८ बाय ८ पिक्सेलचा तुकडा एका घरात कोंबतं, त्यामुळे फोटोत लहान दिसणारे काटे मुळातच धूसर होऊन आत जातात.

हे माझ्या मनचं नाही. स्टॅनफर्डच्या चेनलिन मेंग आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘एसडीएडिट’ नावाने ही पद्धत मांडली. चित्र खरं वाटणं आणि दिलेल्या चित्राशी इमानी राहणं, यांतलं एक वाढवलं की दुसरं घटतं, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. साधारण ०.३ ते ०.६ मध्ये बरा मेळ बसतो, असं त्यांना आढळलं. फुल ठेवा असं कुठेही नाही.

नेटवरच्या फोटोबद्दल एवढंच, की तो काढणाऱ्याचा हक्क त्यावर असतो, आणि धंद्याच्या जाहिरातीत दुसऱ्याची चकली दाखवायचीच कशाला?

एक गोष्ट मान्य करावी लागते. चकली नुसत्या शब्दांनी येत नाही. मी “काटेरी तळलेली चकली” असं नाना तऱ्हेने लिहून पाहिलं, वेटोळी आली, आपली चकली आली नाही. ठरावीक वस्तू, ठरावीक नथ, ठरावीक चेहरा हवा असेल तर फोटो लागतोच. पण तो त्या वस्तूपुरता. उजेड, कोन, मोकळी जागा अजून ठरायची असेल तर सुरुवात शब्दांनीच करावी, कारण फोटो टाकला की या तिन्ही गोष्टी न विचारता ठरून जातात.

मग आम्ही असं केलं. आधी नुसता मजकूर दिला: रिकामं पितळी ताट, उजवीकडे दोन पेटत्या पणत्या, डावीकडून उबदार उजेड, कोन थोडा वरून, वरचा एक तृतीयांश भाग मोकळा. आठ चित्रांतलं एक मावशीने निवडलं. मग त्याच कोनातून, खिडकी डाव्या हाताला ठेवून, कोऱ्या कागदावर चकल्यांचा नवा फोटो काढला. चकल्या कापून ताटात बसवल्या. चकल्या सोडून फक्त कडेच्या सावलीवर मास्क, म्हणजे पुन्हा रंगवायच्या भागाची खूण, ठेवला आणि तेवढंच ०.३ वर रंगवून घेतलं. चकल्यांना टूलने हात लावलाच नाही.

पहिल्या खेपेला सावली चुकून डावीकडे पडली होती, म्हणजे उजेडाच्याच बाजूला. ती मावशीनेच पकडली. मोठा मास्क घेऊन तेवढाच भाग परत केला. अक्षरं शेवटी हाताने टाकली, आणि रात्री साडेनऊला पोस्टर तिच्या ग्रुपवर गेलं.