गणपती पुढेमागे सरकतात, मग ऑगस्टचा सीझनल इंडेक्स एकच कसा?

एखादा महिना सरासरी महिन्याच्या किती पट चालतो, ते सांगणारा आकडा म्हणजे सीझनल इंडेक्स. मुंबईतल्या दुकानदारांच्या ग्रुपवर त्याबद्दल सध्या फिरणारा मेसेज असा: “सीझनल इंडेक्स काढायला कोणाला पैसे देऊ नका. एका वर्षाचा डेटा पुरतो. त्या महिन्याची विक्री भागिले वर्षाची मासिक सरासरी, झाला इंडेक्स. विक्रीवर एक्सेलची ट्रेंडलाइन टाका, पुढच्या महिन्याचा आकडा घ्या, इंडेक्सने गुणा. दरवर्षी तोच इंडेक्स चालतो.”

आधी भागाकार तपासू. एक दुकान धरा, ज्याला सीझनच नाही. जानेवारीत १० लाखांची विक्री, पुढे दर महिन्याला २० हजारांची वाढ, म्हणून डिसेंबरला १२.२ लाख. वर्षाची मासिक सरासरी ११.१ लाख येते. मेसेजच्या रीतीने जानेवारीचा इंडेक्स ०.९० आणि डिसेंबरचा १.१०. सीझन नसताना तो दिसू लागला, कारण भागाकारात धंद्याची वाढच शिरली. आता पुढच्या डिसेंबरचा ट्रेंड आहे १४.६ लाख. त्याला १.१० ने गुणलं की १६ लाखांच्या वर आकडा जातो. एकच वाढ दोनदा मोजली गेली आणि दीड लाखाचा माल जास्त भरला गेला. जानेवारीत उलट होतं: १२.४ लाख विकले जाणार असताना अंदाज ११.२ चा येतो. धंदा जितका वेगाने वाढतो तितकी ही चूक मोठी होते.

म्हणून भागायचं ते वर्षाच्या सरासरीने नाही, त्या महिन्याभोवतीच्या बारा महिन्यांच्या सरासरीने. बारा ही सम संख्या असल्यामुळे सरासरीचा मध्य दोन महिन्यांच्या मधोमध पडतो. त्यासाठी लागोपाठच्या दोन सरासऱ्या घेऊन त्यांची पुन्हा सरासरी काढतात. B2 मध्ये जानेवारीची विक्री असेल, तर जुलैच्या ओळीत, म्हणजे C8 मध्ये, हे लिहा:

```
=(AVERAGE(B2:B13)+AVERAGE(B3:B14))/2
```

शेजारच्या रकान्यात `=B8/C8` लिहिलं की त्या जुलैचं गुणोत्तर मिळतं. वरच्या दुकानावर हे करून पाहा, प्रत्येक गुणोत्तर बरोबर १ येईल. यात तेरा महिने वापरले जातात, त्यामुळे एका वर्षाच्या डेटातून एकही गुणोत्तर निघत नाही. दोन वर्षांतून प्रत्येक महिन्याचं एकेक निघतं, आणि एकाच गुणोत्तरात सीझन किती आणि त्या वर्षीचा योगायोग किती हे वेगळं करता येत नाही. निदान चार वर्षं हवीत, आणि एका महिन्याच्या सगळ्या गुणोत्तरांची सरासरी म्हणजे त्या महिन्याचा इंडेक्स. सगळ्यात अलीकडच्या सहा महिन्यांना गुणोत्तर नसतं, हेही लक्षात ठेवा: सप्टेंबर २०२५ चं हवं असेल तर मार्च २०२६ पर्यंतची विक्री हातात लागते.

ट्रेंडलाइन कच्च्या विक्रीवर टाकणंही चूक आहे. डेटा दिवाळीला संपत असेल तर रेघ उगाच वर चढते, दिवाळीला सुरू होऊन पावसाळ्यात संपत असेल तर खाली झुकते. आधी प्रत्येक महिन्याची विक्री त्याच्या इंडेक्सने भागा, मग रेघ टाका, आणि अंदाज काढताना पुन्हा इंडेक्सने गुणा.

पण मुंबईत सगळ्यात जास्त नुकसान करतं ते शेवटचं वाक्य, दरवर्षी तोच इंडेक्स चालतो हे. आपले सण चांद्र महिन्यांवर चालतात आणि हिशेब इंग्रजी महिन्यांवर. गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. साधारण अकरा दिवस अलीकडे येत राहायचं आणि अधिक मास आला की एकदम अठरा-वीस दिवस पुढे उडी मारायची, असा हा क्रम आहे.

गिरगावातलं एक मिठाईचं दुकान डोळ्यांपुढे आणा. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, तारखा खऱ्या आहेत. ऑगस्टची गुणोत्तरं चार वर्षांत अशी: १.४६, ०.९०, १.१५, १.४९. सप्टेंबरची: १.११, १.६४, १.४१, १.०४. सरासरी काढली तर ऑगस्ट १.२५ आणि सप्टेंबर १.३०. दोन्ही आकडे नीटनेटके दिसतात, पण चारपैकी एकाही वर्षी दुकान असं चाललेलं नाही. आता दोन महिन्यांची बेरीज बघा: २.५७, २.५४, २.५६, २.५३. ती जवळजवळ हलतच नाही. म्हणजे सणाची खरेदी तेवढीच राहते, फक्त कोणत्या महिन्यात पडते ते तारीख ठरवते.

त्यामुळे इंडेक्स जोडीचा धरायचा, २.५५, आणि त्याची वाटणी त्या वर्षीच्या चतुर्थीवरून करायची. २०२६ मध्ये मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून चतुर्थी १४ सप्टेंबरला येते. ७ सप्टेंबरच्या वर्षी ऑगस्ट १.१५ होता, १९ सप्टेंबरच्या वर्षी ०.९०. बारा दिवसांत पाव अंश उतरला, तर सात दिवसांत सुमारे ०.१५. म्हणून ऑगस्ट १.०० आणि उरलेले १.५५ सप्टेंबरचे. जोडीची बेरीज तशीच राहिल्याने बारा इंडेक्सची बेरीज १२ असण्याची अटही मोडत नाही. (सुरुवातीला ती १२ भरत नसेल तर सगळ्यांना एकाच प्रमाणात वाढवून-घटवून भरवून घ्यायची.)

समजा ट्रेंड ऑगस्टला १२ लाख आणि सप्टेंबरला १२.१ लाख सांगतो. सरासरीच्या इंडेक्सने अंदाज येतो १५ आणि १५.७ लाख. वाटणी करून येतो १२ आणि १८.८ लाख. दोन महिने मिळून फरक नगण्य, पण ऑगस्टमध्ये तीन लाखांचा माल जास्त आणि ऐन गणपतीत तीन लाखांचा कमी. माव्याचे मोदक आणि पेढे ऑगस्टमध्ये करून सप्टेंबरसाठी ठेवता येत नाहीत, म्हणून दोन महिन्यांची बेरीज जुळली यात दुकानदाराला काहीही दिलासा नाही. मावा वाया जातो तो वेगळा आणि गिऱ्हाईक परत जातं ते वेगळं.

ही वाटणी चार वर्षांच्या आधारावर उभी आहे आणि दोन तारखांमध्ये सरळ रेषेने उतार धरते, एवढी तिची मर्यादा. रोजची बिलं जपून ठेवली असतील तर त्याहून चांगलं करता येतं: चतुर्थीच्या आधी किती दिवस खरेदी सुरू होते आणि विसर्जनापर्यंत कशी उतरते ते दिवसवार मोजा आणि ते दिवस नव्या कॅलेंडरवर मांडा. इंडेक्समध्ये सण नीट बसला की नाही, हे ओळखायची खूण सोपी आहे. इंडेक्सने भागलेल्या विक्रीचा आलेख काढा. ऑगस्टला खड्डा आणि लगेच सप्टेंबरला उंचवटा, किंवा याच्या उलट दिसलं, तर तो धंद्याचा चढउतार नसून तारखेचा आहे.

अधिक मासाचा स्वतःचाही परिणाम असतो. त्या महिन्यात लग्नं होत नाहीत, म्हणून लग्नाच्या मिठाईच्या ऑर्डर थांबतात, आणि जावयाला वाण द्यायचं म्हणून अनारशांची मागणी वाढते. साधारण दर तीन वर्षांनी येणारी ही गोष्ट मे-जूनच्या नेहमीच्या सरासरीत मिसळू नका, २०२६ पुरती हाताने दुरुस्ती करा.

दिवाळीलाही हीच रीत, जोडी ऑक्टोबर-नोव्हेंबरची. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. २०२२ मध्ये ते २४ ऑक्टोबरला होतं आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला, त्यामुळे वाटणीसाठी ती वर्षं बाजूला ठेवा. २०२३ चं १२ नोव्हेंबरला आणि २०२४ चं १ नोव्हेंबरला होतं, यंदाची वाटणी त्या दोन वर्षांच्या मधली घ्या, २०२३ कडे थोडी जास्त झुकलेली.